ब्रेकच्या बुलेटिनचा मराठी अनुवाद: 'बुडबुडे दिसत नाहीत तोपर्यंत' या एका वाक्याने घोळ केलाय, मदत हवी

सानुनासिक
मंडळी, एक काम अंगावर घेतलंय आणि आता त्यात अडकलेय. ६ पानी सर्व्हिस बुलेटिन आहे, एबीएसचं हायड्रॉलिक युनिट बदलल्यावर ब्रेकमधली हवा कशी काढायची आणि त्यानंतर स्कॅनरवर कुठले फॉल्ट कोड आले तर काय बघायचं याचं. मूळ इंग्रजी, मराठी करायचंय गॅरेजमधल्या मेकॅनिक लोकांसाठी. माझ्या आधी कुणीतरी केलेला एक मसुदा होता त्यात ब्लीडिंगला चक्क 'ब्रेकचा रक्तस्राव' लिहिलेलं, ते वाचून मी हसले होते. आता मला हसायचा हक्क राहिलेला नाही.

झालं असं की माझा मसुदा मी दोन मेकॅनिकना दिला आणि म्हटलं गाडीवर करून बघा, कागदावर आहे तेवढंच करा, स्वतःचं डोकं लावू नका. गाडी आवारातच होती, रस्त्यावर नेली नाही. मूळ वाक्य होतं की नळीत हवेचे बुडबुडे दिसेनासे होईस्तोवर पंप करणं, निपल सैल करणं, बंद करणं हे परत परत करा. मी लिहिलं, 'नळीत बुडबुडे दिसत नाहीत तोपर्यंत ही क्रिया पुन्हा करा.' मला त्यात काहीच खटकलं नाही, चार वेळा वाचलं तरी. तर त्यांनी पहिल्या चाकावर दोनदा पंप केलं, बुडबुडे आले, आणि दोघं थांबले. पुढच्या चाकाला गेले. तिथेही तेच. शेवटी पेडल गादीसारखं लागतंय म्हणून नवीन घातलेलं युनिटच खराब निघालं असं त्यांनी ठरवलं. मी विचारलं बुडबुडे दिसत असताना थांबलात का, तर म्हणाले, ताई तुम्हीच लिहिलंय की, दिसत नाहीत तोपर्यंत करा, दिसले, थांबलो.

त्यांचं चुकलं की माझं?

परिभाषाप्रेमी
तुमचं. 'पाऊस थांबत नाही तोपर्यंत थांब' म्हणजे पाऊस थांबेपर्यंत थांब. 'तो येत नाही तोपर्यंत जेवू नको' म्हणजे तो आला की जेव. मराठीत 'नाही तोपर्यंत' ही रचना त्या क्रियेच्या होण्याकडे बोट दाखवते, न होण्याकडे नाही. मग 'बुडबुडे दिसत नाहीत तोपर्यंत' याचा सरळ मराठी अर्थ बुडबुडे दिसेपर्यंत असाच होतो. मेकॅनिकने बरोबर मराठी वाचलं, तुम्ही इंग्रजी डोक्यात ठेवून वाचत होता म्हणून चार वेळा वाचूनही खटकलं नाही.

सानुनासिक
हे वाचून मी पाच मिनिटं नुसती बसून राहिले. बरोबर आहे तुमचं, शंभर टक्के. मग 'बुडबुडे यायचे थांबेपर्यंत' केलं तर?

दहानंबरी
ते चालेल. पण ताई बावीस वर्षं हेच काम करतोय, सांगतो, 'थांबेपर्यंत' पण पुरत नाही. एका वेळी बुडबुडे आले नाहीत म्हणजे हवा संपली असं नसतं, मधेच एखादा फटका साफ तेलाचा येतो आणि पुढच्याला परत फस्स करून हवा येते. म्हणून आमच्याकडे पोरांना सांगतो की लागोपाठ तीन-चार वेळा नुसतं तेल आलं पाहिजे, एकही बुडबुडा नको, मग त्या चाकाचं झालं. तुमच्या मूळ कागदात आकडा नसेल तर तुम्ही स्वतःच्या मनाने घालू नका, पण ज्याने कागद दिलाय त्याला विचारा.

आणि दुसरं, ते दोघं होते म्हणालात. एक आत पेडलवर आणि एक खाली निपलवर. तुमच्या कागदात कोणी काय करायचं ते लिहिलंय का?

सानुनासिक
मूळ असं आहे: पेडल दाबून धरा. निपल उघडा. निपल बंद करा. पेडल सोडा. मी तसंच ठेवलंय.

दहानंबरी
इथंच गंमत आहे. कागद वाचतो एकजण, कामं दोघांची. आतल्याला खालचं दिसत नाही, खालच्याला पाय दिसत नाही. निपल उघडं असताना आतल्याने पाय उचलला की पेडल वर येताना निपलमधूनच हवा परत आत ओढली जाते, म्हणजे काढली तेवढी घातली. नवीन पोरं हीच चूक करतात, आणि वर सांगतात की साहेब हवा संपतच नाही.

मी लिहिलं असतं तर असं: आतला: पेडल दाब, दाबून धर, 'धरलं' म्हण. खालचा: 'धरलं' ऐकल्यावर निपल पाव फेरा सैल कर, तेल यायचं मंदावलं की निपल बंद कर, 'बंद' म्हण. आतला: 'बंद' ऐकल्यावरच पाय उचल. असं केलं की कोणालाच अंदाज करावा लागत नाही. आम्ही तोंडाने हेच ओरडतो, तुम्ही ते कागदावर आणा फक्त.

सानुनासिक
वा. 'आतला' आणि 'खालचा' हे तर मला सुचलंच नसतं. घेतेय. फक्त 'दाब' ऐवजी 'दाबा' करू का, छापील कागदावर एकेरी बरं दिसेल का?

दहानंबरी
दाबा करा, काही हरकत नाही. पण ओरडायचा शब्द लहानच ठेवा. 'कृपया पेडल धरून ठेवावे' कोण ओरडतंय.

मागचंचाक
नमस्कार, माझी पण हीच समस्या आहे. सिग्नलला ब्रेक दाबून उभा असतो तेव्हा पेडल हळूहळू खाली जातं, शेवटी जवळजवळ फरशीला टेकतं. दोनदा ब्रेकची हवा काढून झाली, एबीएसचा लाइट नाही, तरी तेच. अनुवाद मिळेल का, मी आमच्या मेकॅनिकला देतो.

दहानंबरी
दादा तुमची ही समस्या नाही. हवा असली की पेडल स्पंजी लागतं आणि भराभर पंप केलं की वर येऊन घट्ट होतं. तुमचं एकाच दाबावर धरलेलं असताना खाली बसतंय, म्हणजे तेल कुठून तरी सटकतंय. बाहेर गळत असेल तर टाकीतली लेव्हल कमी होत जाईल, चाकांच्या आतल्या बाजूला ओलं दिसेल. लेव्हल जागच्या जागी असेल तर मास्टर सिलेंडरच्या आतली रबरं गेलीत असा संशय पहिला. दहा वेळा हवा काढून काही होणार नाही. आणि हे दाखवेपर्यंत गाडी चालवू नका.

सानुनासिक
थांबा थांबा, मागचंचाक, तुमचं ऐकून मला माझ्या मसुद्यातली दुसरी चूक सापडली. मूळ बुलेटिनमध्ये सुरुवातीलाच दोन वेगळ्या तक्रारी आहेत, एक पेडल स्पंजी आणि एक पेडल धरल्यावर खाली बसणं. मी दोन्हीला 'पेडल मऊ लागणे' लिहून मोकळी झालेय. मूळात पहिल्या तक्रारीला पान २ वर जा म्हटलंय आणि दुसरीला सरळ सांगितलंय की हे बुलेटिन लागू नाही. म्हणजे माझं मराठी वाचून तुमच्या मेकॅनिकने तिसऱ्यांदा हवा काढली असती.

मागचंचाक
म्हणजे अनुवाद नको का मला?

दहानंबरी
नको. गाडी दाखवा.

कोडवाचक
फॉल्ट कोडचं काय झालं? पहिल्या पोस्टमध्ये आहे, पण त्याच्याबद्दल कोणी बोलतच नाहीये.

सानुनासिक
येतेय त्याच्यावर, तो भाग तर अजून वाईट गेलाय. हवा परत नीट काढून झाली, आधी चारी चाकं हाताने, मग स्कॅनरवरून एबीएस युनिटची ब्लीडिंग, त्यात पंप घरघरतो आणि आतले व्हॉल्व्ह उघडबंद होतात, मग परत चारी चाकं हाताने. पेडल छान घट्ट झालं. पण एबीएसचा लाइट चालूच. स्कॅनरवर हे आलं:

```
C0035  Left Front Wheel Speed Sensor Circuit        Current
U0121  Lost Communication With ABS Control Module   History
```

आता माझ्या मसुद्यात कोडचा तक्ता होता. C0035 च्या पुढे मी लिहिलेलं 'ड्रायव्हरच्या बाजूचा पुढचा स्पीड सेन्सर खराब, प्रकार करंट'. U0121 च्या पुढे 'एबीएस मॉड्यूलशी संपर्क तुटला, प्रकार इतिहास'. त्यांनी काय केलं सांगू? उजवं पुढचं चाक उघडून तिथल्या सेन्सरला मीटर लावून करंट शोधत बसले. तिथे काहीच सापडेना, मग U0121 वरून ठरवलं की मॉड्यूलच बोलत नाहीये म्हणजे नवीन युनिट गेलं. अख्खी दुपार गेली. एका ओळीत माझ्या किती चुका आहेत ते तुम्हीच मोजा.

कोडवाचक
C0 ने सुरू होणारे कोड सगळ्या कंपन्यांत एकच असतात त्यामुळे त्याचं भाषांतर एकदा करून ठेवलं की झालं, त्यात एवढं काय. C0035 म्हणजे डावा पुढचा, C0040 उजवा पुढचा, C0045 डावा मागचा, C0050 उजवा मागचा. कोड आला की तो सेन्सर बदलायचा, लाइट जातो. C1 वाले मात्र कंपनीचे स्वतःचे असतात, ते बघून करावे लागतात.

दहानंबरी
चाकांचा क्रम बरोबर सांगितलात, पण 'कोड आला की सेन्सर बदलायचा' यानेच गिऱ्हाइकाचे पैसे जातात. स्क्रीनवर सर्किट लिहिलंय ना शेवटी? सर्किट म्हणजे सेन्सर, त्याची वायर, कनेक्टर, पार मॉड्यूलच्या पिनपर्यंत सगळी लाइन. त्यात कुठेही तुटलं की हाच कोड. ताईंनी भाषांतरात 'सेन्सर खराब' लिहिलं तिथेच चूक झाली, 'सेन्सरच्या लाइनमध्ये बिघाड' पाहिजे होतं.

माझा अंदाज, डाव्या चाकाची निपल सैल करताना कोणाचा तरी हात नाहीतर पाना त्या सेन्सरच्या वायरला लागलाय. कनेक्टर अर्धा सुटला असेल.

सानुनासिक
अगदी तेच निघालं. दुसऱ्या दिवशी गाडी आवारात हळू पुढे नेली आणि स्कॅनरवर चारी चाकांचा वेग बघितला. तिघांचा जवळजवळ सारखा आणि डाव्या पुढच्याचा शून्य. चाक काढल्यावर दिसलं की कनेक्टरची क्लिप बसलेलीच नाही. बसवला, कोड पुसला, थोडी चालवल्यावर लाइट गेला. सेन्सर तोच जुना, आणि युनिटला काहीही झालेलं नव्हतं.

आता शब्दांचं. 'करंट' मला बदलायचाच आहे.

परिभाषाप्रेमी
'विद्यमान' आणि 'पूर्वसंचित' कसं वाटतं?

दहानंबरी
पूर्वसंचित म्हटल्यावर पोरगं मागच्या जन्मात जाईल.

कोडवाचक
हाहा. 'आत्ता असलेला' आणि 'जुना साठलेला' करा सरळ. पण स्क्रीनवर Current आणि History असंच दिसणार आहे त्यामुळे ते शब्द तक्त्यात जसेच्या तसे इंग्रजीत ठेवा आणि शेजारी मराठी लिहा. नाहीतर माणूस स्क्रीनवर 'जुना साठलेला' शोधत बसेल. आणि U0121 तिथे का आला ते पण एका ओळीत लिहा ना, युनिट बदलताना त्याचं कनेक्टर काढलेलं असताना कोणीतरी चावी चालू केली असणार, बाकीच्या मॉड्यूलना एबीएस सापडलं नाही, त्यांनी नोंद करून ठेवली. काम झाल्यावर तो पुसायचा आणि परत येतो का बघायचं. परत आला तरच त्याच्या मागे लागायचं.

सानुनासिक
हे मूळ बुलेटिनमध्ये आहे, एका टिपेत. मी ती टीप शेवटच्या पानावर ढकलली होती कारण मूळात पण ती तिथेच आहे. तक्त्याच्या शेजारी आणायची परवानगी मागते.

परिभाषाप्रेमी
एक सूचना. सगळा मजकूर देवनागरीत आहे तर कोडमधले आकडेही देवनागरीत घ्या, C००३५. पानावर एकसारखं दिसेल.

कोडवाचक
नको हो! देवनागरी १ घाईत इंग्रजी 9 सारखा दिसतो, आणि ४ इंग्रजी 8 सारखा. तेलकट हाताचा डाग पडलेल्या कागदावरून C००४० वाचून कोणी 80 टाइप केलं की गेलं काम. शिवाय स्कॅनरमध्ये कोड टाकून शोधायचा असेल तर देवनागरी चालणारच नाही. कोड आहे तसाच.

परिभाषाप्रेमी
मान्य. बाकी आकडे, पायऱ्यांचे वगैरे, देवनागरीत ठेवा तरी.

सानुनासिक
ठेवते. आता खरा अडलेला प्रश्न. बुलेटिन डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीसाठी लिहिलेलं आहे आणि आपल्याला उजवीकडे स्टिअरिंगच्या गाडीला वापरायचंय. त्यात डावं-उजवं कुठेच नाही, सगळीकडे ड्रायव्हर साइड आणि पॅसेंजर साइड आहे. C0035 च्या बाबतीत आता कळलं, स्कॅनर डावा पुढचा म्हणतोय, त्यामुळे ड्रायव्हर साइडचं 'डावं' करायचं, ते सोपं आहे. मग मी म्हटलं सगळीकडे हेच करू, ड्रायव्हर म्हणजे डावं, पॅसेंजर म्हणजे उजवं, शोधा आणि बदला. हवा काढायचा क्रम 'पॅसेंजर साइडच्या मागच्या चाकापासून सुरू' असा आहे, तो 'उजव्या मागच्या चाकापासून' झाला. बरोबर ना?

दहानंबरी
थांबा, नका करू. मागचं पॅसेंजर साइडचं चाक पहिलं का घेतात, तर ते मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांब म्हणून. स्टिअरिंग उजवीकडे गेलं की मास्टर सिलेंडर पण बहुतेक गाड्यांत उजवीकडे येतो, म्हणजे सगळ्यात लांब डावं मागचं. ते आपल्या गाडीत पॅसेंजर साइडलाच आहे. म्हणजे इथे 'पॅसेंजर साइड' तसंच ठेवलं तर बरोबर आणि तुमच्यासारखं 'उजवं' केलं तर चूक. कोडमध्ये उलटं. एकाच कागदात एकच शब्द एका ठिकाणी बदलायचा आणि दुसऱ्या ठिकाणी नाही बदलायचा.

सानुनासिक
देवा. मी 'शोधा आणि बदला' करून फाइल सेव्ह पण केली होती.

कोडवाचक
मग 'मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी' असं लिहा की, साइडचा प्रश्नच नाही.

दहानंबरी
ते पण सगळ्या गाड्यांना लागू नाही. ज्या गाड्यांत ब्रेकची लाइन तिरकी विभागलेली असते, डावं पुढचं आणि उजवं मागचं एका सर्किटवर, तिथे काही कंपन्या एका सर्किटची दोन्ही चाकं संपवून मग दुसरं घ्यायला सांगतात. म्हणजे मागचं, मग तिरकं पुढचं, मग दुसरं मागचं, मग उरलेलं. तुमच्या कागदातला क्रम काय आहे?

सानुनासिक
पॅसेंजर मागचं, ड्रायव्हर पुढचं, ड्रायव्हर मागचं, पॅसेंजर पुढचं.

दहानंबरी
तिरकीच आहे मग. आता पहिलं चाक लांबचं म्हणून घेतलंय की सर्किटचा क्रम म्हणून, ते मला इथून सांगता येणार नाही. कंपनीला लेखी विचारा, उजव्या स्टिअरिंगच्या गाडीला क्रम काय, डावं-उजवं लिहून द्या म्हणावं. यात अनुवादकाने ठरवायचं नाही आणि मी पण नाही.

सानुनासिक
मेल टाकलाय आत्ताच. उत्तर येईपर्यंत ती ओळ लाल करून ठेवते.

फिरतापाना
उशिरा आलो. आमच्याकडे पेडल कोणी मारत नाही, व्हॅक्यूमचं मशीन निपलला लावून ओढतो. 'बुडबुडे यायचे थांबेपर्यंत' लिहिलंत तर आमचं काम कधीच संपणार नाही, कारण निपल सैल असताना तिच्या आट्यातून बाहेरची हवा ओढली जाते आणि नळीत बुडबुडे येतच राहतात, लाइनमध्ये हवा नसली तरी.

दहानंबरी
हे खरं आहे. आट्याला बाहेरून ग्रीस लावतात त्यासाठी. पण ताईंच्या बुलेटिनमध्ये पेडलची पद्धत आहे, व्हॅक्यूमची नाही.

फिरतापाना
गॅरेजमध्ये मशीन असेल तर मेकॅनिक मशीनच लावणार, कागदात काही का असेना.

सानुनासिक
मूळात नसलेली टीप मी कशी घालू? पण तुम्ही म्हणताय तसं कोणी मशीन लावलं आणि 'थांबेपर्यंत' वाचून अर्धी बाटली तेल ओतत बसला तर?

परिभाषाप्रेमी
वाक्याच्या सुरुवातीलाच 'पेडलने हवा काढताना' असं घाला. मूळाशी प्रामाणिक राहील आणि मशीनवाल्याला कळेल की हे वाक्य त्याच्यासाठी नाही.

फिरतापाना
मग मशीनवाल्यासाठी कुठलं वाक्य आहे?

सानुनासिक
नाहीये सध्या. तो पण प्रश्न मेलमध्ये टाकते. तोपर्यंत आत्ताची ओळ अशी आहे, बघा आणि दगड मारा:

'पेडलने हवा काढताना: आतला पेडल दाबून धरेल आणि "धरलं" म्हणेल. खालचा निपल पाव फेरा सैल करेल, तेल मंदावलं की बंद करेल आणि "बंद" म्हणेल. "बंद" ऐकल्यावरच आतला पाय उचलेल. नळीत बुडबुडे आले तर अजून हवा आहे, परत करा. बुडबुडे यायचे पूर्ण बंद झाले की त्या चाकाचं काम झालं.'

दहानंबरी
दोनदा 'बंद' झालं. निपल बंद आणि बुडबुडे बंद. आतल्याने 'बंद' ऐकून पाय उचलायचाय, खालचा बुडबुडे बघून म्हणाला 'बंद झाले रे' तर निपल उघडी असतानाच आतला पाय उचलेल. बुडबुड्यांना दुसरा शब्द घ्या.

सानुनासिक
'बुडबुडे संपले की.'

दहानंबरी
चालतंय. टाकीतली लेव्हल बघत राहा हे कुठे लिहिलंय?

सानुनासिक
पायरी ३ मध्ये, एकदाच.

दहानंबरी
प्रत्येक चाकाला लिहा. टाकी रिकामी झाली की वरून हवा आत जाते आणि परत पहिल्या चाकापासून सुरुवात. मूळात एकदा असलं तरी त्यांना विचारून घ्या.

मागचंचाक
दाखवली गाडी. मास्टर सिलेंडरच म्हणाले. पण ते म्हणतात बसवल्यावर परत हवा काढावी लागेल, मग आता अनुवाद मिळेल का?

दहानंबरी
तुमच्या गाडीचं युनिट बदललेलं नाही, हा कागद त्यासाठी आहे. मेकॅनिकला फक्त एवढं म्हणा की नवीन मास्टर सिलेंडरमधली हवा बसवायच्या आधी बाकावरच काढून घ्या.

सानुनासिक
आणि हो, क्रमाची ओळ लाल आहे अजून. ती तर अजिबात वापरू नका.